वरच्या मजल्यावर फ्लश, दुसऱ्या मजल्यावर बुडबुडे: आडव्या वळलेल्या सॉइल लाइनला जास्तीची हवा का लागते

इंदूरला २०२१ साली देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरवलं गेलं. त्याचा संबंध रस्त्याखालून, नाल्यांतून आणि शुद्धीकरण केंद्रांतून जाणाऱ्या सांडपाण्याशी. इमारतीच्या आतल्या, शाफ्टमधून उतरणाऱ्या पाइपांचं काय चाललंय हे नगर निगम बघायला येत नाही. ते सोसायटीचं आपलं आपण. आणि निपानिया, बायपास, सुपर कॉरिडॉर या बाजूला ज्या नव्या उंच इमारती झाल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये एक तक्रार वारंवार येते. खाली दोन मजले दुकानं, वर फ्लॅट. फ्लॅटचा जो सगळ्यात खालचा मजला, तिथल्या कमोडमध्ये सकाळी बुडबुडे येतात, नहाणी ट्रॅपमधून फेस वर येतो. वरच्या मजल्यांवर कुणालाच काही नाही. आणि त्याच शाफ्टखालच्या दुकानांच्या टॉयलेटात आवाज नाही, फेस नाही, पण वास मात्र कायम.

दोघांच्या तक्रारी वेगळ्या, म्हणून इलाजही वेगवेगळे चालतात. फ्लॅटवाले लाइन तुंबली म्हणून जेट मशीन बोलावतात, दुकानदार फिनेल ओततात. कारण मात्र दोन्हीकडे एकच असतं, आणि ते या दोघांच्या मधे, दुकानाच्या फॉल्स सीलिंगवर आडवं पडलेलं असतं.

आधी दोन-तीन शब्द

कमोडचं सांडपाणी खाली नेणारा उभा पाइप म्हणजे सॉइल स्टॅक. साइटवर त्याला सॉइल लाइन किंवा डाउनटेक म्हणतात. जुन्या पद्धतीत संडासाचा पाइप वेगळा आणि न्हाणीघराचा वेगळा असे. आता जागा वाचवायला अनेक टॉवरमध्ये कमोड, बेसिन, नहाणी, वॉशिंग मशीन सगळं एकाच स्टॅकला जोडतात. आपण तसाच स्टॅक धरू.

हा पाइप सरळ खाली न जाता मधेच बाजूला सरकून पुन्हा खाली उतरला, की त्या सरकण्याला ऑफसेट म्हणतात. हौस म्हणून कुणी ऑफसेट करत नाही. वर जिथे टॉयलेट आहे, बरोबर त्याच्या खाली दुकानाचं शटर किंवा पार्किंगची वाट येते. तिथून पाइप उतरवता येत नाही, म्हणून तो स्लॅबखालून दोन-चार मीटर आडवा नेऊन कॉलमच्या आडोशाने खाली सोडतात.

तिसरी गोष्ट, ट्रॅपमधलं पाणी. कमोडच्या किंवा नहाणीच्या वळणात जे पाणी नेहमी साचून राहतं, तेच गटाराची हवा आणि तुमचं घर यांच्यातलं एकमेव दार. या पाण्याची खोली साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे तीन-चार बोटं. पुढचा सगळा प्रश्न एवढ्याशा पाण्याचा आहे.

पाइपात पाणी कमी, हवाच जास्त

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असं चित्र असतं की दहाव्या मजल्यावर फ्लश केलं की पाण्याचा गोळा धाडकन खाली येतो आणि जितका उंचावरून येतो तितका वेग घेतो. तसं होत नाही. पाइपात शिरलेलं पाणी लवकरच भिंतीला चिकटून पसरतं आणि पातळ थर होऊन घसरत उतरतं. भिंतीचं घर्षण आणि वजन यांचा तोल साधला की वेग वाढायचा थांबतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत वायली आणि ईटन यांनी यावर तपशिलात काम केलं आणि १९६१ साली ते प्रसिद्ध झालं. त्यांच्या सूत्रात आपला नेहमीचा ११० मिलिमीटरचा पाइप घालून बघा. सकाळच्या गर्दीत सेकंदाला चार लिटर पाणी उतरतंय असं धरलं, तर वेग सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास स्थिरावतो, आणि तो गाठायला एक मजल्याची उंचीसुद्धा लागत नाही. म्हणजे अकराव्या मजल्यावरचं पाणी आणि चौथ्यावरचं पाणी खाली पोचतं ते जवळपास एकाच वेगाने. ‘इमारत उंच आहे म्हणून पाणी जोरात येतं’ हे समर्थन त्यामुळे टिकत नाही.

याच हिशेबात भिंतीवरच्या पाण्याच्या थराची जाडी येते सुमारे पाच मिलिमीटर. पाइपाच्या पोटातली सहाव्या भागाएवढी जागा पाण्याने घेतली. उरलेल्या सगळ्या जागेत हवा. ही हवा स्वस्थ बसत नाही. घसरतं पाणी तिला आपल्याबरोबर खाली ओढतं. चार लिटर पाण्यासोबत सेकंदाला पंधरा ते वीस लिटर हवा खाली निघालेली असते. ती गच्चीवरच्या उघड्या टोकातून आत येत राहते, पाण्यासोबत उतरते, आणि खाली जाऊन कुठेतरी बाहेर पडावी लागते.

सरळ पाइपात हे सुरळीत चालतं, कारण मधला हवेचा रस्ता मोकळा असतो. ऑफसेट तोच रस्ता बंद करतो.

वरच्या बेंडपाशी काय होतं

भिंतीवरून घसरत आलेलं पाणी ९० अंशाच्या बेंडवर आदळतं. एका क्षणापूर्वी ते पाइपाच्या सगळ्या भिंतींवर सारखं पसरलेलं होतं. आता त्याला आडव्या पाइपाच्या तळाशी गोळा व्हायचं असतं. या धांदलीत बेंडच्या आतल्या कडेवरून पाण्याचा एक पडदा पाइपाच्या तोंडावर आडवा येतो. मागून येणाऱ्या हवेला तो फोडूनच पुढे जावं लागतं.

पुढे आणखी एक अडथळा आहे. आडव्या पाइपाचा उतार पन्नासला एक धरला, तर चार लिटर पाणी तिथे सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपासच चालू शकतं. वेग निम्म्याहून कमी झाला आणि पाणी तेवढंच आहे, म्हणजे त्याने जागा दुपटीहून जास्त घ्यायला हवी. उभ्या पाइपात पोटाचा सहावा भाग घेणारं पाणी इथे चाळीस टक्के घेतं. तेही सगळं शांत झाल्यावर. बेंडनंतरच्या पहिल्या मीटरभरात वेगाने आलेलं पाणी पुढच्या संथ पाण्यावर चढतं आणि एकदम उंच उठतं. जलशास्त्रात त्याला जलोच्छाल म्हणतात. दोन-तीन फ्लश एकदम आले, त्यात मैला आणि कागद असला, तर ते पाणी क्षणभर पाइपाच्या छतालाही टेकतं. मग हवेला फटसुद्धा उरत नाही.

वरून मात्र सेकंदाला पंधरा लिटर हवा येतच आहे. ती बेंडच्या वर दाबली जाते. दाबलेल्या हवेला सगळ्यात जवळचं दार कुठलं, तर बेंडच्या लगेच वर जोडलेल्या फ्लॅटचं कमोड. तिथलं ५० मिलिमीटर पाणी आधी वरखाली डुलतं, आणि दाब त्या खोलीच्या थोडा वर गेला की हवा ते फोडून बुडबुड्यांनी बाहेर येते. आपल्याकडचा अनुभवी प्लंबर हे एका वाक्यात सांगतो: “लाइन तुंबलेली नाहीये काकू, लाइन हवा मार रही है.” त्याचं निदान बरोबर असतं. पुढे काय करायचं यावर मात्र तो बऱ्याचदा चुकतो, त्याकडे येऊच.

फेसाचंही हेच. वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी बेंडवर घुसळलं जातं, फेस तयार होतो. फेस हलका आणि चिकट. पाणी पुढे निघून जातं, तो मागे राहतो आणि हवेच्या दाबाने वर ढकलला जातो. अमेरिकन प्लंबिंग नियमांत बेंडच्या वर पाइपाच्या व्यासाच्या चाळीसपट उंचीपर्यंत फेसाच्या दाबाचा पट्टा धरतात. ११० मिलिमीटरला तो होतो ४.४ मीटर, म्हणजे दीड मजला. म्हणून त्रास पहिल्या फ्लॅटला भरपूर, त्याच्या वरच्याला कधीमधी, आणि तिसऱ्याला अजिबात नाही.

खालच्या बेंडपाशी उलटा खेळ

आडवा प्रवास संपवून पाणी पुन्हा खाली वळतं. इथे ते परत घसरू लागतं, वेग घेतं, आणि परत हवा ओढायला लागतं. पण हवा आणायची कुठून? वरून येणारी हवा तर पहिल्या बेंडवर अडकली आहे. आडव्या पाइपात पाणी भरून असेल, तर खालच्या तुकड्याचं वरचं तोंडच बंद झाल्यासारखं होतं.

तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडून तेल ओतायला गेलं की ते अडखळत येतं, आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खालच्या तुकड्याला ते दुसरं भोक नसतं. फरक एवढाच की डबा अडखळून थांबतो. पाइपातलं पाणी थांबत नाही, ते हवा दुसरीकडून ओढून घेतं. सगळ्यात जवळचा ट्रॅप दुकानाच्या टॉयलेटचा. त्यातलं पाणी पाइपाकडे खेचलं जातं.

इथे ओढ आणि दाब यांतला एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण वासाचं कोडं त्यानेच सुटतं. ट्रॅपमधल्या पाण्याची पातळी आधीच पाइपाकडच्या काठापर्यंत असते. पाइपाकडून ४० मिलिमीटर पाण्याइतकी ओढ आली, तर खोलीकडची पातळी तेवढी उतरते आणि सरकलेलं पाणी काठावरून सांडून जातं. ओढ संपल्यावर उरलेलं पाणी दोन्ही बाजूंना वाटलं जातं. ट्रॅपच्या दोन्ही बाजू सारख्या रुंदीच्या धरल्या तर ५० पैकी ३० मिलिमीटर उरतात. दाबाने वर उसळलेलं पाणी परत खाली बसतं, ओढीने गेलेलं परत येत नाही. त्यात पुढचं फ्लश आलं, पुन्हा ओढ, पुन्हा घट. दुकानाचं टॉयलेट दिवसातून एक-दोनदाच वापरलं जातं, म्हणून ट्रॅप भरून निघत नाही. बाकीचं काम इंदूरच्या मे महिन्यातली कोरडी हवा करते. आवाज नाही, बुडबुडे नाहीत. एक दिवस दार उघडं राहिलेलं असतं आणि वास येतो.

ट्रॅप कोरडा पडल्याने फक्त वासच येतो असंही नाही. २००३ साली हाँगकाँगच्या आमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून जास्त लोकांना झाली. त्या तपासात न्हाणीघरांतले कोरडे पडलेले फ्लोअर ट्रॅप हे लागण पसरण्याचं एक महत्त्वाचं कारण ठरलं. तिथे दोष ऑफसेटचा नव्हता, पण ते ५० मिलिमीटर पाणी कशासाठी असतं हे त्यातून कळतं.

म्हणजे ऑफसेट हा मधेच लटकलेला पायथा आहे

स्टॅक जमिनीशी जिथे आडवा होतो तिथेही बेंड असतो, पडदा असतो, पाणी उठतं, दाब येतो. हे सगळ्यांना मान्य आहे. म्हणूनच ब्रिटनच्या नियमांत पाचहून जास्त मजल्यांच्या इमारतीत तळमजल्याची टॉयलेट मुख्य स्टॅकला जोडतच नाहीत, त्यांची लाइन वेगळी काढतात. आपल्याकडचे चांगले डिझायनरही तसंच करतात. पण तोच पायथा दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबखाली तयार झाला की तो पायथा आहे याचा विसर पडतो, कारण नकाशावर ती फक्त एक आडवी रेघ दिसते.

खरं तर ऑफसेटने एका स्टॅकचे दोन स्टॅक केलेले असतात. वरच्याचा पायथा आणि खालच्याचा माथा एकाच आडव्या पाइपाच्या दोन टोकांना आहेत. पायथ्याला हवा बाहेर सोडायला वाट हवी, माथ्याला हवा आत घ्यायला. म्हणून वेंट, म्हणजे फक्त हवेच्या ये-जा करण्यासाठीचा पाइप, दोन्हीकडे लागतो, एकीकडे लावून अर्धंच काम होतं. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय प्लंबिंग कोडमध्ये हे जवळजवळ याच शब्दांत आहे: ऑफसेटच्या वर पाच किंवा जास्त मजल्यांच्या फांद्या, म्हणजे टॉयलेटमधून स्टॅकला येऊन मिळणारे पाइप, असतील तर वरच्या तुकड्याला वेगळा स्टॅक समजून, ऑफसेटला त्याचा पायथा धरून वेंट द्या, आणि खालच्या तुकड्याला ऑफसेट व त्याखालची पहिली फांदी यांच्या मधे वेंट द्या. ब्रिटनचं मार्गदर्शन तर सुरुवातच अशी करतं की शक्य तोवर ऑफसेट टाळा.

एक इमारत घेऊन बघू

समजा तळमजला आणि पहिला मजला दुकानं, दुसऱ्यापासून अकराव्यापर्यंत फ्लॅट. एका शाफ्टमध्ये ११० चा एकच स्टॅक, दहा मजल्यांची टॉयलेट त्यावर. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबखाली तो साडेतीन मीटर आडवा जातो आणि मग दुकानांच्या मागून चेंबरला उतरतो. गच्चीवर टोक उघडं, त्यावर काउल, म्हणजे फटी असलेली टोपी. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची, २०१ ची, फांदी बेंडच्या वर फूटभरावर जोडली आहे. पहिल्या मजल्यावरच्या दुकानांचं सामायिक टॉयलेट खालच्या बेंडच्या जरा खाली.

आधी हे तुंबणं नाही याची खात्री करायची. लाइन तुंबली असेल तर २०१ मध्ये स्वतःचं फ्लश केल्यावरही पाणी चढतं आणि हळूहळू उतरतं. हवेचा त्रास असेल तर स्वतःचं फ्लश झकास जातं. बुडबुडे येतात ते २०१ मध्ये कुणी काहीही वापरत नसताना, वरच्यांनी वापरलं की. ते तपासायला एका दुपारी पाचव्या, सातव्या आणि नवव्या मजल्यावरच्यांना फोनवर घेऊन एकाच वेळी फ्लश करायला सांगावं आणि २०१ च्या कमोडमध्ये टॉर्च मारून बसावं. काही सेकंदांतच पाणी डुलायला लागलं तर निदान झालं. दुकानाच्या नहाणी ट्रॅपमध्ये आधी पाणी ओतून तो पूर्ण भरायचा, एका काडीने पाण्याची खोली मोजायची, वरचे तीन फ्लश झाले की पुन्हा मोजायची. दोन बोटं पाणी कमी झालेलं दिसलं की दुकानदारालाही वेगळं सांगावं लागत नाही.

आता दुरुस्ती. शाफ्टमध्ये स्टॅकच्या शेजारून एक वेगळा वेंट पाइप वरपर्यंत न्यायचा. त्याचं पहिलं जोड वरच्या स्टॅकला द्यायचं: २०१ च्या फांदीच्या खाली आणि बेंडच्या वर. तिथे जागा नसेल, तर आडव्या पाइपावर बेंडपासून मीटरभराच्या आत, पण पाइपाच्या माथ्यावरून, बाजूने नाही. बाजूने काढला तर पहिल्याच गर्दीत त्यात मैला शिरतो आणि वेंटचं गटार होतं. दुसरं जोड खालच्या बेंडनंतर, दुकानाच्या फांदीच्या वर. दोन्ही जोडांचे पाइप उतार देऊन असे लावायचे की आत आलेलं पाणी परत स्टॅकमध्येच निथळेल.

या रचनेतली गंमत अशी की वरच्या बेंडवर कोंडलेली हवा या नव्या पाइपातून वळसा घेऊन थेट खालच्या तुकड्यात शिरू शकते, जिथे तिची नेमकी ओढ आहे. एकाचं जास्त ते दुसऱ्याचं कमी, मोठा भाग तिथल्या तिथे मिटतो. मग गच्चीपर्यंत पाइप कशाला न्यायचा? कारण दाब आणि ओढ दर क्षणी एकमेकांना बरोबर पुरतील असं नसतं, आणि चेंबरच्या बाजूला आणखी एक पायथा आहेच. म्हणून वेंट वर न्यावा: स्वतंत्रपणे गच्चीवर, किंवा सगळ्यात वरच्या फ्लॅटच्या बेसिनच्या काठाहून किमान १५० मिलिमीटर उंचीवर मूळ स्टॅकच्या कोरड्या भागात जोडून.

वेंटच्या मापात कंजुषी केली तर हा सगळा खर्च वाया जातो. सेकंदाला पंधरा लिटर हवा ३५ मीटर उंच पाइपातून न्यायची असेल, तर ढोबळ हिशेबाने ७५ च्या पाइपात घर्षणाचा तोटा सुमारे १२ मिलिमीटर पाण्याइतका येतो. ५० च्या पाइपात तोच शंभराच्या घरात जातो, आणि ट्रॅपमध्ये पाणी आहे पन्नास मिलिमीटर. म्हणजे एवढ्या उंचीला ५० चा वेंट असून नसल्यासारखा. ७५ घ्यावा, बेंड आणि वळणं बरीच असतील तर ११०. आपल्या बाजारातल्या एसडब्ल्यूआर पाइपात दोन प्रकार मिळतात: ‘ए’ प्रकार वेंट आणि पावसाच्या पाण्यासाठी, ‘बी’ प्रकार सांडपाण्यासाठी. वेंटला ‘ए’ चालतो. उलट मात्र करू नये. आडव्या तुकड्यात पैसे वाचवायला ‘ए’ घातलेला मी पाहिला आहे.

“गच्चीवर पाइप उघडा आहे की, मग अजून वेंट कशाला?”

हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये येतो आणि चुकीचा नाही. गच्चीवरचं टोक वरच्या मजल्यांसाठी पुरेसं आहे, तिथल्या ट्रॅपना त्याने खरंच वाचवलेलं असतं. पण कोंडलेली हवा आहे खाली, आणि तिच्या व गच्चीच्या मधे दहा मजल्यांचं उतरतं पाणी आहे, जे तिला सतत खालीच ढकलतं. तिने त्या प्रवाहाविरुद्ध वर चढावं ही अपेक्षा फोल आहे. वेंट वेगळा हवा तो याचसाठी: त्यात पाणी उतरत नाही.

“एअर व्हॉल्व्ह लावून टाकला तर?”

प्लंबर चुकतो ते इथे. हवा मारतेय म्हटल्यावर तो २०१ मध्ये एकमार्गी एअर व्हॉल्व्ह बसवतो. हा व्हॉल्व्ह ओढ आली की उघडतो आणि हवा आत घेतो; दाब आला की घट्ट बंद होतो, नाहीतर घरात वास येईल. २०१ चा त्रास दाबाचा आहे, म्हणजे नेमकं नको तेव्हा तो बंद. दुकानाकडे, ओढीच्या बाजूला, त्याचा थोडा उपयोग होईल. फ्लॅटमध्ये तो शोभेचा. दाब पोटात घेणारी, आत फुगा असलेली उपकरणं उंच इमारतींसाठी मिळतात, पण जिथे शाफ्टमध्ये पाइपाला जागा आहे तिथे साधा पाइप मला बरा वाटतो. त्यात झिजणारं काही नसतं.

“आडवा पाइप मोठा करू, किंवा तिरका नेऊ”

आडवा तुकडा १६० चा केला तर पाण्यावर हवेला जागा जास्त मिळते, त्रास कमी होतो. पण बेंडवरचा पडदा तसाच राहतो, आणि १६० नंतर पुन्हा ११० वर येता येत नाही. सांडपाण्याचा पाइप पुढे जाताना बारीक करायचा नसतो. म्हणजे खालचा उभा भागही बदलायचा. त्यात रात्री एखाददुसरं फ्लश रुंद पाइपात पसरून उथळ वाहतं आणि मैला मागे सोडून जातं.

तिरका नेणं मात्र उत्तम. उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंतचा ऑफसेट बहुतेक नियम उभ्या पाइपासारखाच धरतात, कारण पाणी आदळत नाही, घसरतच राहतं. अडचण जागेची आहे. साडेतीन मीटर बाजूला जायचं तर ४५ अंशांत साडेतीन मीटर खालीही यावं लागेल, म्हणजे दुकानाची सगळी उंची त्यात गेली. फूट-दीड फुटाचा ऑफसेट असेल तर तिरकाच करावा. साडेतीन मीटरला ते जमत नाही. तरीही एकच ९० चा बेंड घालण्याऐवजी ४५ चे दोन बेंड मधे छोटा तुकडा ठेवून घातले, तर आदळणं बरंच सौम्य होतं. ते स्वस्त आहे आणि करावंच; वेंटच्या ऐवजी नाही, वेंटसोबत.

“वेंटला शाफ्टमध्ये जागाच नाही”

मग २०१ ला स्टॅकवरून काढायचं. तिची फांदी वेगळ्या पाइपाने थेट खाली चेंबरपर्यंत न्यायची. फांदी नुसती थोडी वर सरकवून भागेल का? तीन मजल्यांपर्यंतच्या इमारतीत ऑफसेटपासून ७५० मिलिमीटरच्या आत काही जोडू नका एवढंच ब्रिटनचे नियम मागतात, आणि तेवढ्याने तिथे निभतं. दहा मजल्यांखाली निभत नाही. फेसाचा पट्टाच दीड मजल्याचा आहे. शिवाय २०१ काढल्यावर दाबाच्या सगळ्यात जवळ ३०१ येते. तिथे त्रास कमी असेल, शून्य असेलच असं नाही. आणि दुकानाकडची ओढ तशीच राहते, तिथे तो एअर व्हॉल्व्ह कामी येईल. ही तडजोड आहे, पण शाफ्ट खरंच भरलेला असेल तर दुसरा मार्ग नसतो.

राजवाडा किंवा रामबागेतल्या जुन्या दोन-तीन मजली घरांतही पाइप वाकडेतिकडे गेलेले दिसतात आणि तिथे असलं काही होत नाही, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. तिथे एका वेळी एखादंच फ्लश उतरतं, हवा थोडी, पाणी थोडं. वर मजले वाढतात तसं एकाच वेळी फ्लश होण्याची शक्यता वाढते, आणि ऑफसेट तेव्हाच अडतो. युरोपच्या मानकात याची उलट बाजूही दिसते: १०० मिलिमीटरच्या त्याच स्टॅकला फक्त शेजारी वेंट पाइप दिला, तर त्यावर सेकंदाला ४ ऐवजी ५.६ लिटर पाणी सोडायची परवानगी मिळते. पाइप तोच राहतो, वाढते ती हवेची वाट.

फ्लॅट घेताना कुठे बघायचं

विक्रीच्या माहितीपत्रकात हे कधीच नसतं. प्लंबिंगचा नकाशा मागावा आणि दुकान किंवा पार्किंगच्या वरच्या स्लॅबखाली सॉइल लाइन आडवी जाते का ते बघावं. जात असेल तर तिच्या दोन्ही टोकांना ‘व्ही’ किंवा ‘व्हीपी’ लिहिलेली बारीक रेघ जोडलेली आहे का, आणि फ्लॅटच्या पहिल्या मजल्याची लाइन वेगळी काढली आहे का, हे विचारावं. गच्चीवर गेलात तर काउल मोजा: प्रत्येक शाफ्टला सांडपाण्याचं एकच टोक दिसत असेल, तर वेगळा वेंट बहुधा नाही, मात्र तो वरच्या मजल्यावर स्टॅकला जोडलेला असू शकतो, म्हणून शाफ्टमध्येही डोकवा.

दुरुस्ती करणाऱ्या सोसायट्यांना शेवटची अडचण येते ती कागदोपत्री. पाइप फ्लॅटवाल्यांचा, पण तो दुकानाच्या सीलिंगमध्ये आहे. बेंडपाशी झाकणाचं दार असलेला बेंड लावला आणि फॉल्स सीलिंगमध्ये त्याखाली उघडणारी चौकट ठेवली, तर पुढे कधी वेंटच्या तोंडाशी काही साचलं तरी काढता येईल. ती चौकट कधी उघडायची आणि दुकान बंद असताना किल्ली कोणाकडे असेल, हे काम सुरू होण्याआधी दुकानदाराकडून लिहून घ्या.